रक्कम दोनदा, तारीख मात्र एकदाच

चेक लिहिताना रक्कम दोनदा लिहावी लागते, एकदा अंकात आणि एकदा अक्षरात. दोन्हींत फरक पडलाच तर अक्षरी रक्कम खरी मानायची, असे परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ (वकील ज्याला निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट म्हणतात) याच्या कलम १८ मध्ये स्पष्ट सांगितले आहे. तारीख मात्र त्याच चेकवर एकदाच लिहितात, तीही फक्त अंकात. अंक पुसट झाला, वाकडा वाचला गेला किंवा कोणी त्याला एक रेघ जोडली, तर खरे काय होते ते सांगणारी दुसरी ओळ त्या चेकवर नसते. हीच चेकवरच्या तारखेची कमजोरी आहे. ती भरून कशी काढायची, आणि स्टॅम्पपेपरवरच्या करारात ती मुळातच येऊ कशी द्यायची नाही, ते समजून घेण्यासाठी मानोऱ्याकडे नेहमी होणारा एक व्यवहार घेऊ.

एक सौदा, दोन कागद

समजा, मानोरा तालुक्यातल्या एका शिवारातली दोन एकर जमीन सोळा लाखांना ठरली. खरेदीखत सहा महिन्यांत करून द्यायचे आणि आज दोन लाख इसार घ्यायचा, असे बोलणे झाले. तहसीलबाहेर बसणाऱ्या अर्जनवीसाकडून स्टॅम्पपेपरवर इसारचिठ्ठी लिहून घेतली गेली आणि घेणाऱ्याने विकणाऱ्याला दोन लाखांचा चेक दिला. दिवस होता ४ जानेवारी २०२५. चिठ्ठीच्या डोक्यावर लिहिले गेले: ता. ४/१/२५.

लिहिणाऱ्याला यात काहीच वावगे वाटत नाही. त्या दिवशी तिथे बसलेल्या सगळ्यांनाही ही तारीख नीट कळते. पण हा कागद तीन वर्षांनी कोणीतरी तिसराच माणूस वाचणार आहे. तो वकील असेल, बँकेचा अधिकारी असेल किंवा न्यायाधीश असेल, आणि त्याच्यासमोर फक्त शाई असेल.

पहिली अडचण आपल्या अंकांची आहे. मराठी १ घाईत लिहिला की इंग्रजी नऊसारखा दिसतो. मराठी ४ आणि इंग्रजी आठ यांच्यात फारसा फरक उरत नाही. मराठी ७ उलट्या बाजूने पाहिला तर इंग्रजी सहासारखा भासतो आणि ५ इंग्रजी चारसारखा. आपल्याकडे एकाच कागदावर दोन्ही लिप्यांचे अंक सर्रास येतात. सातबाऱ्याचा गट क्रमांक मराठीत, आधार क्रमांक इंग्रजीत आणि तारीख लिहिणाऱ्याच्या हाताला येईल तशी. त्यामुळे ४/१/२५ ही तारीख इंग्रजी अंकांच्या सवयीने वाचणाऱ्याला आठ सप्टेंबर वाटू शकते. यात कोणीही लबाडी केलेली नसते, तरी आठ महिन्यांचा फरक पडतो.

दुसरी अडचण मोकळ्या जागेची. ४ च्या डावीकडे जागा आहे. तिथे एक १ घातला की १४ तारीख होते, २ घातला की २४ होते. महिन्याच्या १ शेजारी आणखी एक १ बसला की नोव्हेंबर, २ बसला की डिसेंबर, शून्य बसले की ऑक्टोबर. एका अंकाने जानेवारीचा कागद वर्षअखेरीला जातो. तारखेत मुळाशी असलेले अंक तसेच राहतात, काही पुसावे लागत नाही, म्हणून कागदावर खरवडल्याची खूणही उरत नाही.

वर्ष दोनच अंकी लिहिल्याने काय होते ते २०२० साली सगळ्यांना कळले. त्या वर्षी ३१/१/२० असे लिहिलेल्या तारखेच्या पुढे १९ किंवा २१ जोडले की ती सरळ २०१९ किंवा २०२१ ची होत होती. २५ च्या पुढे तसे जोडता येत नाही, पण वर्षाचे चारही अंक लिहिण्याची सवय त्यासाठीच लावून घ्यावी, म्हणजे कुठल्या वर्षी धोका आहे हे आठवावे लागत नाही.

एका अंकाने किती बिघडते

इसारचिठ्ठीत लिहिले आहे की खरेदीखत "आजपासून सहा महिन्यांत" करून द्यायचे. चार जानेवारीपासून सहा महिने म्हणजे ४ जुलै २०२५. ही तारीख ठरलेली असेल, तर करार पुरा करून मिळावा यासाठीचा दावा मुदत कायदा, १९६३ च्या अनुच्छेद ५४ प्रमाणे त्या दिवसापासून तीन वर्षांत लावायचा असतो. म्हणजे साधारण ४ जुलै २०२८ पर्यंत.

आता महिन्याच्या १ ला दुसरा १ जोडून पाहा. चिठ्ठी ४ नोव्हेंबरची झाली, सहा महिने ४ मे २०२६ ला संपतात आणि दाव्याची मुदत मे २०२९ पर्यंत जाते. घेणाऱ्याकडे वेळेत पैसे जमले नसतील, तर त्याला दहा महिने फुकट मिळाले. उलट, विकणाऱ्याला तोच सौदा मोडून दुसऱ्याला जमीन द्यायची असेल, तर त्याला तारीख मागे सरकलेली सोयीची. ज्याच्या हातात मूळ कागद आहे त्याला त्यावर रेघ ओढण्याची संधी असते. म्हणून कागद कोणाकडेही राहिला तरी तारीख बदलता येऊ नये, अशी ती लिहिली पाहिजे.

उपाय महागडा नाही. तीच तारीख अशी लिहावी:

"आज शनिवार, दिनांक ०४ जानेवारी २०२५ (अक्षरी चार जानेवारी दोन हजार पंचवीस) रोजी..."

यात प्रत्येक शब्दाला काम आहे. चारच्या आधी शून्य आल्यामुळे तिथे १ किंवा २ घुसवायला जागा राहत नाही. महिना नावाने आल्यामुळे अंकांची फसगत संपते, आणि आधी दिवस की आधी महिना हा प्रश्नही उरत नाही. अमेरिकेत राहणाऱ्या मुलामुलींनी सही करून पाठवलेल्या कागदांत ४/१ म्हणजे एप्रिलची पहिली तारीख धरली जाते, कारण तिकडे महिना आधी लिहितात. महिन्याचे नाव लिहिले की हा घोळ होत नाही. वर्षाचे चारही अंक आल्यामुळे पुढे काही जोडता येत नाही. आणि कंसातले अक्षरी रूप हे रकमेप्रमाणे तारखेचेही दुसरे विधान बनते. अंक बदलला तर अक्षर बोलेल.

वाराचे काम जरा वेगळे आहे. ४ जानेवारी २०२५ ला शनिवार होता. ती तारीख १४ केली तर मंगळवार येतो, २४ केली तर शुक्रवार, आणि महिना नोव्हेंबर केला तर पुन्हा मंगळवार. फेरफार करणारा वार बदलायला विसरला की कॅलेंडरच त्याला पकडते. पण याला एक मर्यादा आहे. लीप नसलेल्या वर्षात जानेवारी आणि ऑक्टोबर एकाच वाराने सुरू होतात. ४ ऑक्टोबर २०२५ लाही शनिवारच होता. त्यामुळे नुसत्या वारावर भिस्त ठेवू नये, अक्षरी तारीख हवीच.

त्याहून उपयोगी पायरी म्हणजे मुदत मोजायला सोडून न देता शेवटची तारीखही स्पष्ट लिहिणे: "खरेदीखत दिनांक ०४ जुलै २०२५ (चार जुलै दोन हजार पंचवीस) पर्यंत करून देण्याचे ठरले." आता आरंभ आणि शेवट एकमेकांना बांधले गेले. एक हलवली तर दुसरी जुळत नाही, आणि "सहा महिने" हे शब्दही दोन्हींना साक्ष राहतात.

जुन्या कागदांची रीत

तारीख दोन-तीन वाटांनी लिहिण्याची ही पद्धत नवी नाही. मराठेशाहीतल्या मोडी कागदांत शालिवाहन शक अंकात येई, त्याच्यासोबत संवत्सराचे नाव येई, तिथी येई, आणि सुहूर सन मात्र आकड्यांत न लिहिता अरबी शब्दांत लिहिला जाई. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक शके १५९६, आनंदनाम संवत्सर, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला झाला. त्या वर्षाचा सुहूर सन १०७५, आणि कागदात तो "खमस सबैन अलफ" असा उतरे: पाच, सत्तर, हजार. मृग नक्षत्राच्या सुमारास सुरू होणाऱ्या या सनात वर्षाच्या पहिल्या भागासाठी ५९९ मिळवले की इसवी सन मिळतो. १०७५ मध्ये ५९९ मिळवले की १६७४.

शकाच्या आकड्यात कोणी एक अंक फिरवला असता तर संवत्सराचे नाव सहसा जुळले नसते, कारण संवत्सरे साठ वर्षांच्या चक्राने येतात. आणि सुहूरचे शब्द तर बदलायला सबंध ओळ खरवडावी लागली असती. जुन्या कागदांच्या तारखा आज इतिहासकारांना ताडून पाहता येतात त्या याच पद्धतीमुळे.

काही वेळा तारीख पकडून देणारी गोष्ट तारखेच्या ओळीत नसतेच. मानोऱ्याच्या बाबतीत असा एक चांगला पुरावा आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशीम जिल्हा झाला, आणि मानोरा तालुका त्यात गेला. म्हणून १९९५ ची तारीख असलेल्या एखाद्या वाटणीपत्रात "जिल्हा वाशीम" असे लिहिलेले आढळले, तर तो कागद त्या तारखेला लिहिला गेला नव्हता हे उघड आहे. तसेच रुपयाचे ₹ हे चिन्ह सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले. त्याआधीच्या तारखेच्या कागदात ते छापलेले असेल तर कागद मागाहून तयार केलेला आहे. स्टॅम्पपेपरच्या मागे विक्रेत्याने घातलेली विक्रीची तारीख आणि त्याच्या वहीतली नोंद ही तर सर्वांत सरळ कसोटी. कराराची तारीख स्टॅम्पपेपर विकत घेतल्याच्या तारखेच्या आधीची असूच शकत नाही. आणि महाराष्ट्र मुद्रांक कायद्यानुसार घेतलेला मुद्रांक सहा महिन्यांत वापरायचा असतो, त्यामुळे घरात पडून राहिलेला जुना स्टॅम्पपेपर काढून त्यावर आजचा करार लिहिणेही चालत नाही.

चेकच्या आठ चौकटी

आता त्या दोन लाखांच्या चेककडे येऊ. देशभर वापरात असलेल्या सीटीएस-२०१० नमुन्याच्या चेकवर उजव्या कोपऱ्यात वर तारखेच्या आठ चौकटी असतात: दोन दिवसाच्या, दोन महिन्याच्या, चार वर्षाच्या. या चौकटींनी अर्धे काम करून ठेवले आहे. मागेपुढे अंक घुसवायला जागा राहत नाही आणि दिवस-महिन्याचा क्रम ठरलेला असतो. आपल्याकडून एवढेच हवे की आठही चौकटी भराव्यात, एक आकडी दिवस-महिन्याआधी शून्य लिहावे, आणि चौकटीत अंक एकाच लिपीचे असावेत. बँका चेक इंग्रजी, हिंदी किंवा प्रादेशिक भाषेत स्वीकारतात, म्हणून मराठी अंक लिहिता येतात. पण १ आणि ४ यांची फसगत वर पाहिलीच आहे. चौकटीत तरी इंग्रजी अंक लिहिणे शहाणपणाचे.

शके दिनांकाबद्दल अनेकांना कुतूहल असते. भारत सरकारने २२ मार्च १९५७ पासून शकावर आधारलेले राष्ट्रीय कॅलेंडर स्वीकारले आहे, आणि हिंदीत लिहिलेल्या चेकवर त्या कॅलेंडरची तारीख असेल तर तो बँकांनी स्वीकारावा, असे रिझर्व्ह बँकेचे म्हणणे आहे. पण ४ जानेवारी २०२५ म्हणजे राष्ट्रीय कॅलेंडरप्रमाणे १४ पौष १९४६, आणि पौष हा दहावा महिना. चौकटीत १४-१०-१९४६ असे भरले की वाचणाऱ्याला ते स्वातंत्र्याच्या आधीच्या वर्षातले वाटेल. नियमाने चालते म्हणून करून पाहण्यासारखी ही गोष्ट नाही. मुदत कायद्याच्या कलम २४ नेही मुदत मोजण्यासाठी सगळे दस्तऐवज इंग्रजी कॅलेंडरप्रमाणेच धरायचे ठरवले आहे.

चौकटींनी जे काम होत नाही ते म्हणजे अंकाचा अंकात होणारा बदल. इंग्रजी एकाला आडवी रेघ दिली की सात होतो. तीनची दोन्ही पोटे बंद केली की आठ होतो. शून्याला शेपूट दिले की सहा किंवा नऊ होतो. आणि पाचाचे खालचे तोंड बंद केले की सहा होतो. या शेवटच्या बदलाकडे नीट पाहा. २०२५ चे २०२६ करायला पाचाची एक चाप पुरते, आणि वर्षाचा शेवटचा अंक बदलला की जुना, मुदत संपलेला चेक पुन्हा जिवंत होतो. १ एप्रिल २०१२ पासून चेक त्याच्यावरच्या तारखेपासून तीन महिन्यांतच वटवावा लागतो, आधी ही मुदत सहा महिने होती. जानेवारी २०२५ चा चेक एप्रिलमध्ये शिळा झाला. सौदा फिसकटला, पण चेक परत घ्यायचे राहिले. पुढच्या जानेवारीत त्याच चेकवरच्या पाचाचा सहा झाला, तर तो नवा कोरा असल्यासारखा बँकेत जाईल.

बँक हे पकडेल का? पूर्वी मूळ चेक ज्या शाखेवर काढला तिथवर प्रवास करायचा आणि तिथला अधिकारी कागद हातात धरून पाहायचा. आता मानोऱ्यात भरलेला चेक तिथेच थांबतो आणि त्याची छायाप्रत पुढे जाते. ती छायाप्रत करड्या छटांची आणि काळी-पांढरी असते, रंगीत नसते. मूळ निळ्या शाईवर दुसऱ्या निळ्या शाईने जोडलेली रेघ कागदावर तिरकी धरली तर कदाचित दिसेल, छायाप्रतीत मात्र दोन्ही सारख्याच करड्या दिसतात. आणि बदल डोळ्याला दिसण्यासारखा नसेल व बँकेने काळजीपूर्वक, रीतसर पैसे दिले असतील, तर परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम ८९ प्रमाणे बँक सुटते. नुकसान चेक लिहिणाऱ्याच्या अंगावर पडते.

म्हणून पाच लिहिताना वरची रेघ स्वच्छ आडवी आणि खालचा पोटाचा भाग उघडा दिसेल असा लिहावा. एक ही साधी उभी रेघ न ठेवता त्याला खाली पाया द्यावा, म्हणजे त्याचा सात होत नाही. शून्य पूर्ण बंद असावे. अंक चौकटीची जागा भरून काढतील एवढे मोठे असावेत, कारण लहान अंकाभोवतीची मोकळी जागा ही दुसऱ्याच्या रेघेसाठी सोडलेली असते. शाई पाण्याने व खोडरबराने न जाणारी असावी. घासले की गायब होणाऱ्या शाईची पेने हल्ली शाळेच्या मुलांकडे दिसतात. ती शाई साधारण ६० अंश सेल्सियसला रंगहीन होते. घासल्याने तेवढी उष्णता निर्माण होते म्हणून ती पुसली जाते, पण गरम इस्त्रीखाली किंवा उन्हात बंद गाडीत ठेवलेल्या कागदावरूनही ती जाऊ शकते. अशा पेनाने सहीही करू नये.

तरीही चेकवर तारीख एकदाच लिहिली जाते हा मूळ दोष उरतोच. त्यावर रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२१ पासून आणलेली पॉझिटिव्ह पे ही सोय आहे. पन्नास हजार किंवा त्याहून जास्त रकमेचा चेक दिला की खातेदाराने बँकेला मोबाइल ॲप, नेट बँकिंग, एसएमएस किंवा शाखेतून चेकचा क्रमांक, तारीख, घेणाऱ्याचे नाव आणि रक्कम कळवायची. चेक वटायला आला की बँक ही माहिती चेकशी ताडून पाहते. पाच लाखांपासून पुढच्या चेकसाठी ती सक्तीची करण्याची मुभा बँकांना दिलेली आहे. आपल्या दोन लाखांच्या चेकलाही ती लागू करता येते. थोडक्यात, चेकवर जी दुसरी ओळ नाही ती बँकेच्या नोंदीत लिहिली जाते. पाचाचा सहा झाला तरी नोंद ४ जानेवारी २०२५ असेच सांगेल. पन्नास हजारांच्या आतल्या चेकसाठी चेकबुकातले नोंदपान पूर्ण भरणे आणि चेक देण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवणे, एवढे तरी करावे.

खाडाखोड झालीच तर

घाईत चुकीची तारीख लिहिली गेली तर काय करायचे? चेक आणि करार यांचे उत्तर वेगळे आहे.

चेकवर नाव किंवा रक्कम चुकली तर नवाच चेक लिहावा, दुरुस्ती चालत नाही. हा नियम २०१० पासून आहे. तारखेला मात्र त्यातून वगळलेले आहे. मुदत संपलेला चेक पुन्हा चालू करण्यासाठी खातेदार जुनी तारीख आडव्या रेघेने खोडून, नवी लिहून, शेजारी बँकेतल्या नमुन्याप्रमाणे पूर्ण सही करू शकतो. चेक काढणाऱ्याने स्वतः तारीख बदलून चेकला पुन्हा मुदत देणे कायद्याला धरून आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली सांगितले. पण हा अधिकार फक्त काढणाऱ्याचा. घेणाऱ्याने त्याच्या संमतीशिवाय तारीख बदलली, तर परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम ८७ प्रमाणे तो चेक काढणाऱ्याविरुद्ध निकामी होतो, आणि बदल फसवणुकीसाठी केला असेल तर भारतीय न्याय संहितेप्रमाणे तो बनावट दस्तऐवजाचा गुन्हा ठरतो. सोपा मार्ग मात्र नवा चेक लिहिणे हाच, कारण दुरुस्त केलेला चेक परत पाठवण्याकडे बँकांचा कल असतो.

करारात चूक झाली तर व्हाइटनर लावू नये आणि अंकावर अंक गिरवू नये. चुकीचा भाग एकाच रेघेने असा खोडावा की खालचे वाचता येईल. वर योग्य तारीख अक्षरासह लिहावी, आणि त्या जागी सगळ्या पक्षांनी सह्या कराव्यात. नोंदणी कायदा, १९०८ च्या कलम २० प्रमाणे ज्या दस्तात ओळींच्या मध्ये घातलेला मजकूर, रिकाम्या जागा, खाडाखोड किंवा बदल आहेत आणि तिथे करून देणाऱ्यांच्या सह्या नाहीत, तो दस्त नाकारण्याचा अधिकार दुय्यम निबंधकाला आहे. खरेदीखत करताना हे लक्षात ठेवण्याचे आणखी एक कारण आहे. दस्त लिहून सह्या झाल्याच्या तारखेपासून चार महिन्यांत नोंदणीला द्यावा लागतो, आणि नोंदणी झालेला दस्त कलम ४७ प्रमाणे नोंदणीच्या दिवसापासून नव्हे तर करून दिल्याच्या दिवसापासून लागू होतो. एकाच जमिनीची दोन खरेदीखते समोरासमोर आली, तर कोणते आधीचे हे ठरवताना सहीच्या वेळी लिहिलेली तारीख निर्णायक ठरू शकते.

म्हणून दस्ताच्या मुख्य मजकुरात तारीख लिहिली तरी तेवढ्यावर थांबू नये. प्रत्येक पक्षाने आणि साक्षीदाराने सहीखाली स्वतःच्या हाताने तारीख लिहावी. चार-पाच वेगवेगळ्या हातांनी लिहिलेली तारीख एकाच वेळी बदलणे कोणालाही जमत नाही. हातउसन्या पैशाच्या वचनचिठ्ठीवर रेव्हेन्यू स्टॅम्प लावला की तो रद्द करण्यासाठी त्याच्यावरून सही करतात. मुद्रांक कायद्याच्या कलम १२ मध्ये त्या सहीबरोबर खरी तारीखही लिहावी असे सुचवले आहे, पण बहुतेक जण नुसती सही करतात. मागणी करताच परत द्यायच्या वचनचिठ्ठीवर दावा लावण्याची मुदत चिठ्ठीच्या तारखेपासून तीन वर्षे असते. स्टॅम्पवर आडवी लिहिलेली तारीख ही त्या तीन वर्षांची दुसरी साक्ष.

सर्वांत धोक्याची तारीख

आतापर्यंत पाहिलेले सगळे बदल, जोडलेला अंक, फिरवलेला पाच, खरवडलेली शाई, हे बेकायदा आहेत आणि सापडले तर कागद कोसळतो. याहून मोठा धोका मात्र कायद्याला धरून असतो, आणि तो म्हणजे तारीख रिकामी ठेवून केलेली सही. "तारीख मागाहून टाकू" म्हणून सही करून दिलेल्या चेकवर घेणाऱ्याने तारीख भरली, तर तो फेरफार ठरत नाही. सही असलेला कोरा चेक स्वेच्छेने दिला असेल तर दुसऱ्याच्या हाताने भरला म्हणून तो निकामी होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट केले आहे. शिवाय कागदावर जी तारीख आहे त्याच तारखेला तो काढला, असे परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम ११८ प्रमाणे कायदा गृहीत धरतो. ते खोटे असल्याचे सिद्ध करण्याचा भार सही करणाऱ्यावर येतो. चेक न वटल्याचा खटला, त्यासाठी ३० दिवसांत द्यायची नोटीस, मग पैसे देण्याचे १५ दिवस, त्यापुढचा तक्रारीचा महिना, हे सगळे त्याच भरलेल्या तारखेच्या चेकवर उभे राहते.

उधारीसाठी, हमीसाठी किंवा पीक निघाल्यावर देतो म्हणून असे कोरे चेक आणि कोरे स्टॅम्पपेपर सह्या करून दिले जातात. पुढची तारीख द्यायची असेल तर पुढचीच तारीख लिहून द्यावी. बँक त्या दिवसाआधी तो चेक वटवत नाही, म्हणून पुढच्या तारखेचा चेक कोऱ्या चेकपेक्षा नेहमीच बरा. भरलेली तारीख कोणी बदलली तर कायदा तुमच्या बाजूने उभा राहतो. न भरलेली तारीख दुसऱ्याने भरली तर तो त्याच्या बाजूने उभा राहतो. म्हणून सही करण्याआधी तारीख लिहा, चेकवर आठही चौकटी भरून आणि करारात अक्षरासह. तारीख न घालता सही मागणाऱ्याला नकार द्या.